चेक तुमचे, पण थांबवण्याआधी देणे कोणाचे ते बघा

वाचकाचे पत्र

आम्ही दोघं नवरा-बायको भाड्याच्या घरात राहतो. अकरा महिन्यांच्या करारावेळी घरमालकांना दरमहा १८,००० रुपयांचे अकरा चेक दिले होते, प्रत्येकावर त्या त्या महिन्याची पाच तारीख. करार एप्रिलला सुरू झाला, सहा महिन्यांचा लॉक-इन सप्टेंबरअखेर संपला. माझी बदली झाल्यामुळे १० ऑक्टोबरला मी मालकांना फोन केला आणि लगेच व्हॉट्सॲपवर लिहूनही कळवलं. करारात एक महिन्याची लेखी नोटीस आहे. आम्ही ३१ ऑक्टोबरला घर सोडतोय. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे चार चेक त्यांच्याकडे आहेत. मागितले तर म्हणतात, "चेक गावच्या घरी आहेत, मी टाकणार नाही, निश्चिंत राहा." डिपॉझिटचे ६०,०००ही त्यांच्याकडेच. खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे. एक मित्र म्हणतो, पैसे काढून खातं रिकामं कर. दुसरा म्हणतो, चारही चेक स्टॉप कर, स्टॉप म्हणजे बाउन्स नव्हे, त्यामुळे केस होत नाही. चेक माझेच आहेत, मग थांबवायला हरकत काय?

— एक भाडेकरू

उत्तर

पहिल्या मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. खाते रिकामे करू नका आणि बंदही करू नका. पुढे काहीही ठरले तरी चेकच्या रकमेइतकी शिल्लक खात्यात असणे, हाच तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरणार आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसऱ्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचे आहे. मी बरीच वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली. स्टॉप पेमेंटचा अर्ज देऊन निश्चिंत चेहऱ्याने बाहेर पडणारी आणि दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस हातात घेऊन परत येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची गल्लत एकाच ठिकाणी झालेली असायची. चेक थांबवला म्हणजे देणे थांबले, असे त्यांनी धरलेले असायचे.

चेक म्हणजे तुम्ही तुमच्या बँकेला दिलेला आदेश की अमुक माणसाला एवढे पैसे द्या. आदेश तुमचा, म्हणून पैसे जाण्याआधी तो मागे घेण्याचा हक्कही तुमचाच. बँक तुम्हाला कारण पटवून द्यायला सांगत नाही, मालकाला विचारत नाही, करार वाचत नाही. तुमचे आणि बँकेचे नाते इथपर्यंतच. तुमचे आणि घरमालकाचे नाते वेगळे आहे. तिथे भाडे देणे लागत असेल तर चेक थांबवला तरी ते देणे तसेच उभे राहते. वर आणखी एक गोष्ट होते. मालकाच्या बँकेकडून त्यांना चेक परत येतो, सोबतच्या मेमोवर 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर', म्हणजे चेक देणाऱ्यानेच पैसे थांबवले, असे लिहिलेले असते, आणि त्या मेमोच्या आधारे ते पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधल्या, चेक न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ खाली तुम्हाला नोटीस पाठवू शकतात. त्या कलमाच्या शब्दांत 'अपुरी शिल्लक' असे आहे, 'स्टॉप' असे नाही, म्हणून पूर्वी हा वाद कोर्टात चालायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या मोदी सिमेंट्स निकालात स्पष्ट केले की केवळ स्टॉपची सूचना दिल्याने माणूस या कलमातून सुटत नाही. खाते बंद केल्याने परत आलेल्या चेकबद्दलही पुढच्याच वर्षी तसेच ठरले. तेव्हा 'स्टॉप म्हणजे बाउन्स नव्हे' या वाक्यावर विसंबू नका.

पण त्याच न्यायालयाने २००१ मध्ये एमएमटीसी प्रकरणात बचावाची वाटही सांगितली आहे. चेक देणाऱ्याने दाखवून दिले की खात्यात पैसे पुरेसे होते आणि चेक थांबवायला खरे कारण होते, म्हणजे चेक वटवायला आला त्या वेळी तेवढे देणेच शिल्लक नव्हते, तर गुन्हा होत नाही. हे दाखवण्याची जबाबदारी मात्र चेक देणाऱ्यावर असते. कायदा सुरुवातीला असेच धरून चालतो की चेक दिला म्हणजे देणे असणार. म्हणून मी खाते रिकामे करू नका म्हणालो. शिल्लक असताना थांबवलेला चेक 'मला द्यायचे नव्हतेच' असे सांगतो. शिल्लक नसताना थांबवलेला चेक 'माझ्याकडे नव्हतेच' असे सांगतो, मग तुमचे कारण कितीही खरे असो.

आता तुमच्या चार चेकांकडे येऊ. तुम्ही चौघांना एकाच दावणीला बांधले आहे, आणि तिथेच मला थांबावेसे वाटते. पुढच्या तारखेचा चेक त्याच्यावरच्या तारखेला खऱ्या अर्थाने चेक होतो. म्हणून प्रत्येक चेकसाठी स्वतंत्रपणे विचारा: या तारखेला मी या माणसाला काही देणे लागतो का?

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या चेकांचे उत्तर सोपे आहे. लॉक-इन संपलेला आहे, नोटीस दिलेली आहे, ताबा परत केलेला असेल. राहिलाच नाहीत त्या महिन्यांचे भाडे नाही. हे तीन चेक थांबवायला तुम्हाला कचरण्याचे कारण नाही.

नोव्हेंबरचा चेक तसा नाही. तुम्ही १० ऑक्टोबरला कळवलेत. एक महिना म्हणजे तीस दिवस असे करारात लिहिले असेल, तर नोटीस ९ नोव्हेंबरपर्यंत चालते. घर तुम्ही ३१ ऑक्टोबरला सोडले तरी नोव्हेंबरचे नऊ दिवस तुमच्या अंगावर येतात. दिवसाला ६०० रुपये धरले तर ५,४०० रुपये. काही करारांत मात्र 'नोटीस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मोजली जाईल' असे कलम असते, तसे असेल तर नोव्हेंबरचे पूर्ण भाडे देणे लागते. आणखी एक कलम शोधा: नोटीस कशी द्यायची याबद्दल काही लिहिले आहे का? रजिस्टर पोस्टानेच किंवा पत्रानेच असे म्हटले असेल, तर मालक व्हॉट्सॲपच्या संदेशाला नोटीस मानायला नकार देऊ शकतात. त्यांनी त्या संदेशाला 'ठीक आहे' किंवा 'कधी सोडताय' असे उत्तर दिले असेल, तर तो स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. दिले नसेल, तर तीच नोटीस १० ऑक्टोबरच्या संदेशाचा उल्लेख करून स्पीड पोस्टाने पाठवा आणि ई-मेलही करा.

माझे मत असे. करारात तीस दिवस स्पष्ट असतील, तर ५,४०० रुपये मालकांच्या खात्यात बँकेतून पाठवा, शेऱ्यात '१ ते ९ नोव्हेंबरचे भाडे' असे लिहा, आणि मग नोव्हेंबरचा चेक थांबवा. या क्रमाला अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या एका निकालाप्रमाणे, चेक दिल्यानंतर आणि तो वटवायला टाकण्याआधी देण्याचा काही भाग फेडला गेला असेल, तर पूर्ण रकमेचा चेक त्या दिवसाच्या खऱ्या देण्याएवढा राहत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर न करता तो पूर्ण रकमेसाठी टाकला आणि परत आला, तर कलम १३८ लागू होत नाही. तुमच्या बाबतीत तर देणेच मुळात ५,४०० चे आहे आणि तेही फेडलेले.

करारातली भाषा संदिग्ध असेल, किंवा पुढच्या महिन्यापासून मोजणी असेल, तर नोव्हेंबरचा चेक वटू द्या. होय, थांबवू नका. फार तर १२,६०० रुपयांचा प्रश्न आहे आणि ते डिपॉझिटच्या हिशेबात मागता येतील. तेवढ्यासाठी फौजदारी तक्रारीचे दार उघडे ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आणि 'डिपॉझिटमधून भाडे कापून घ्या' असे तुम्ही एकट्याने ठरवून चेक थांबवू नका. डिपॉझिटमधून वळती करायला मालकांची लेखी संमती हवी. ती दोन ओळींत मिळाली तर उत्तमच, मग वादच राहत नाही.

थांबवण्याआधी मालकांना कळवा. तुम्हाला कदाचित वाटेल की सांगितले तर ते घाईने चेक टाकतील. पण ज्या तारखेला तो चेक आहे त्याआधी टाकून उपयोग नाही, 'तारीख आलेली नाही' म्हणून तो परत येतो. आणि त्यांच्या तोंडी आश्वासनाला तुम्ही कागदावर आणत आहात, एवढेच. पत्र लांब नको. करारात तीस दिवस स्पष्ट असतील तर साधारण असे चालेल:

"मी दि. १० ऑक्टोबर रोजी करारानुसार नोटीस दिली असून दि. ३१ ऑक्टोबर रोजी जागेचा ताबा आपल्याला परत करत आहे. १ ते ९ नोव्हेंबरचे भाडे रु. ५,४०० आपल्या खात्यात जमा केले आहे. भाड्यापोटी दिलेले नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे चार चेक (क्रमांक अमुक ते अमुक) आता देय नाहीत. कृपया ते परत करावेत, बँकेत भरू नयेत. ते परत न मिळाल्यास मी बँकेला त्यांचे पैसे न देण्याची सूचना देत आहे."

ताबा देतानाही असाच एक कागद करा. किल्ल्या दिल्याची तारीख, विजेच्या मीटरचे वाचन, मालकांची सही. सही द्यायला ते तयार नसतील तर रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरचे फोटो त्याच दिवशी त्यांना पाठवा. फेब्रुवारीच्या चेकबद्दल कधी कोणी विचारले, तर उत्तर या कागदातच असेल.

आता बँकेतले काम. स्टॉपची सूचना शाखेत अर्जाने, नेट बँकिंगमधून, बँकेच्या ॲपवरून देता येते. बऱ्याच बँका फोनवरही घेतात. फोनवरून सांगितले असेल तर मागोमाग लेखी द्या, कारण वाद झाला तर हातात कागदच लागतो. अर्जात खाते क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे आणि कारण एवढे लागते. चेक सलग असतील तर 'अमुक ते अमुक' अशी एकच सूचना देण्याची सोय असते. शुल्क बहुतेक बँका घेतात, त्यावर जीएसटीही लागतो. सलग चेकांची एकत्र सूचना सुट्या चार सूचनांपेक्षा स्वस्त पडते का, ते तुमच्या बँकेच्या शुल्कपत्रकात पाहून घ्या.

यात सर्वांत जास्त चुकते ते चेकच्या क्रमांकात. बँकेची संगणक व्यवस्था चेक अडवते तो क्रमांकावरून. रक्कम आणि नाव अर्जात बरोबर असले आणि क्रमांकातला एक आकडा चुकला, तर तुमचा चेक बिनदिक्कत पास होतो आणि दुसराच एखादा, कदाचित विम्याच्या हप्त्याचा, परत जातो. माझ्या काउंटरवर एका गृहस्थांनी ३८ च्या जागी ८३ लिहिले होते. दोन दिवसांनी त्यांच्या खात्यातून भाडे गेले. चूक त्यांच्या अर्जातच होती, त्यामुळे बँकेकडे मागण्यासारखे काही उरले नाही. तुमच्या हातात चेक नाहीत, म्हणून क्रमांक तीन ठिकाणांहून पडताळून घ्या. चेकबुकातली नोंदीची पाने, भाडेकरारात चेकांची यादी असेल तर ती, आणि खात्याचा उतारा. एप्रिल ते ऑक्टोबरचे सात चेक वटलेले आहेत. उताऱ्यात शेवटचा वटलेला क्रमांक ४३७ असेल आणि चेक एकाच पुस्तकातून ओळीने फाडलेले असतील, तर पुढचे चार ४३८ ते ४४१ असायला हवेत. तिन्ही ठिकाणे जुळत नसतील तर मधला एखादा चेक खराब झाला म्हणून फाडला होता का, ते आठवून पाहा. चेकवर क्रमांक कुठे असतो तेही सांगतो, कारण लोक खालच्या पट्टीतला भलताच आकडा उचलतात. पट्टीत सर्वांत डावीकडचे सहा आकडे म्हणजे चेक क्रमांक. त्यानंतरचे नऊ आकडे बँकेच्या शाखेची ओळख सांगणारे, ते नकोत.

कारणाच्या रकान्यात जे खरे आहे तेच लिहा. ॲपवर कारणांची यादी पुढे येते, त्यात 'चेक हरवला' हे सर्वांत वर आणि सोपे असते, आणि लोक तेच निवडतात. हे करू नका. तुमचे चेक हरवलेले नाहीत, तुम्ही स्वतः ते दिलेले आहेत आणि करारात त्यांचा उल्लेख आहे. उद्या प्रकरण कोर्टात गेले तर बँकेकडून हीच नोंद मागवली जाते, आणि खोटे कारण दिसले की तुमच्या खऱ्या कारणावरचाही विश्वास उडतो. 'भाडेकरार संपला, जागा परत केली, रक्कम देय नाही' असे लिहा. यादीत तसे कारण नसेल तर 'इतर' निवडा आणि शाखेत साधा अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. हो, वेळसुद्धा. बँकेने पैसे आधी दिले की सूचना आधी मिळाली, हा वाद मिनिटांवर येऊ शकतो.

वेळेचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. पूर्वी चेक क्लिअरिंगला जाऊन दुसऱ्या दिवशी पास व्हायचा, मधल्या रात्रीत धावपळ करता यायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकांच्या प्रतिमा दिवसभर, येतील तशा, पुढे पाठवल्या जातात आणि पैसे देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी होय किंवा नाही सांगावे लागते. म्हणजे पाच तारखेला सकाळी मालकांनी चेक टाकला तर संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यातून पैसे गेलेले असतील. पाच तारखेच्या सकाळी बँकेत जाऊ असे ठरवू नका. तारीख यायची वाट पाहण्याची गरजच नाही. फेब्रुवारीचा चेकही आजच थांबवता येतो. तुम्ही चारही चेकांचा निर्णय ऑक्टोबर संपण्याआधी घ्या, आणि सूचना दिल्यावर दुसऱ्या दिवशी नेट बँकिंगमध्ये 'चेक स्टेटस' उघडून प्रत्येक क्रमांकासमोर 'स्टॉप्ड' दिसते का ते पाहा.

एकदा दिलेली सूचना किती काळ टिकते, हेही शाखेत विचारा. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. तुमचा शेवटचा चेक ५ फेब्रुवारीचा, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो जिवंत आहे. तोवर सूचना कायम असायला हवी आणि खात्यात थोडी शिल्लकही.

खाते दोघांच्या नावावर आहे, त्याबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. संयुक्त खात्यातला चेक थांबवायला साधारणपणे एका खातेदाराची सूचना पुरते, पण थांबवलेला चेक पुन्हा मोकळा करायला बँका सर्वांच्या सह्या मागतात. तुमची बदली आणि पत्नीचे वास्तव्य काही दिवस वेगवेगळ्या गावी होणार असेल, तर हे लक्षात असू द्या. आणि पत्नीला हे सगळे माहीत असू द्या, नाहीतर बँकेचा संदेश पाहून त्या घाबरून काहीतरी उलटेच करतील.

बँकेची चूक कधी मानायची? सूचना वेळेवर, योग्य क्रमांकासह आणि पोच घेऊन दिलेली होती, तरी चेक पास झाला, तर बँकेने तुमच्या आदेशाविरुद्ध पैसे दिले. त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि रक्कम परत खात्यात टाकायला सांगा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चेकवरची तारीख येण्याआधीच तो पास केला असेल, तर तीही बँकेचीच चूक.

आणि सगळे नीट करूनही मालकांनी चेक टाकला, तो परत गेला आणि तुम्हाला नोटीस आली तर? घाबरू नका, पण पाकीट न उघडता ठेवूही नका. घर बदलताना नवा पत्ता मालकांना लेखी कळवलेला असू द्या, म्हणजे नोटीस जुन्या दारावरून परत जाणार नाही. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून मालकांनी तीस दिवसांत नोटीस द्यायची असते, ती मिळाल्यापासून तुम्हाला पंधरा दिवस मिळतात, आणि ते सरल्यावर एक महिन्याच्या आत त्यांना कोर्टात तक्रार करता येते. त्या पंधरा दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या आणि नोटीसचा संदेश, ताब्याची पावती, ५,४०० च्या व्यवहाराची नोंद, त्या दिवशीची खात्यातली शिल्लक दाखवणारा उतारा हे सारे जोडा. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून 'माझे काही चुकलेले नाही' एवढ्या समाधानावर उत्तर न देता बसणे परवडत नाही.

हप्त्यांच्या चेकांबद्दल विचारणारी पत्रेही येतात, त्यांच्यासाठी थोडेसे. कर्जाच्या हप्त्याचा चेक भाड्याच्या चेकसारखा नसतो. भाड्यात तुम्ही घर सोडले की पुढचे देणे थांबते. कर्जाचे पैसे तुम्ही आधीच घेतलेले असतात, त्यामुळे हप्त्याच्या तारखेला देणे असतेच. २०१६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्जाच्या हप्त्यांसाठी दिलेल्या पुढच्या तारखेच्या चेकांबद्दल हेच सांगितले आहे. हप्ता जड जातोय म्हणून चेक थांबवणे म्हणजे दंडव्याज, पतनोंदीवर डाग आणि वर कलम १३८. तिथे चेक थांबवण्याआधी कर्ज देणाऱ्याशी मुदतवाढीचे लेखी बोलणे करावे. खाते बदलायचे असेल तर आधी नव्या खात्याचे चेक द्या, जुने हातात घ्या, मगच जुन्या खात्याला हात लावा. कर्ज मुदतीआधी फेडले असेल तर थकबाकी नसल्याचा दाखला आणि उरलेले चेक एकाच वेळी मागा. उरलेले चेक थांबवायला तुमच्याकडे तो दाखला हे पुरेसे कारण आहे. आणि बहुतेक कर्जांचे हप्ते आता खात्यातून थेट वळते होतात. ती वेगळी संमती असते. चेक थांबवल्याने ती थांबत नाही, ती रद्द करायला बँकेत आणि कर्ज देणाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

वर्ग, व्यायामशाळा यांच्या हप्त्यांचे गणित भाड्याच्या जवळचे आहे. सेवा घेतली तेवढे देणे, न घेतलेल्याचे नाही, पण करारात परत न मिळणारी रक्कम लिहिली असेल तर ती आधी वाचा.

तुमच्याकडे परत येतो. बँकेत जाण्याआधी मालकांना एकदा समोरासमोर भेटा. गावच्या घरी चेक आहेत हे खरेही असू शकेल. वयस्कर घरमालक असे कागद खरोखरच कुठेतरी बरणीत, ट्रंकेत ठेवतात. चेक मिळाले तर त्यांनी समोर फाडलेले पुरे नाहीत. चारही पाने मोजून घ्या, क्रमांक जुळवा, प्रत्येकावर आडव्या दोन रेघा मारून 'रद्द' लिहा आणि पुढच्या मेपर्यंत करारासोबत ठेवा. एखादा जरी कमी निघाला, तर तेवढ्याच क्रमांकाची सूचना त्याच दिवशी बँकेत द्या.